विश्लेषण : एसीचे महिन्याचे बिल नेमके किती? उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांसाठी वॅट, तास आणि स्लॅबचा हिशेब

मार्च उजाडला की उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात उन्हाचा चटका वाढतो. बदलापुरात तर पारा चाळिशी ओलांडतो आणि रात्रीही घराच्या भिंती तापलेल्या राहतात. एसी घेण्याचा विचार सुरू होतो आणि पहिला प्रश्न येतो तो बिलाचा. दुकानदार सांगतो, महिन्याला हजार-बाराशे वाढतील. शेजारी सांगतात, आमचे तर साडेतीन हजारांनी वाढले. गंमत म्हणजे एसी दोघांकडे एकच आणि चालवण्याचे तासही तेवढेच असतील, तरी दोघांचे बिल वेगवेगळ्या रकमेने वाढू शकते. ते का, आणि तुमच्या घरी नेमके किती वाढेल, हे कागद-पेन घेऊन दहा मिनिटांत कसे काढायचे, ते पाहू.

इंटरनेटवरील कॅल्क्युलेटर का चुकतात?

बहुतेक कॅल्क्युलेटर तीन गोष्टी विचारतात : एसीचे वॅट, रोजचे तास आणि प्रतियुनिट दर. पहिल्या दोन गोष्टी आपण कशाबशा भरतो. तिसऱ्या रकान्यात मात्र गडबड होते. कारण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही शहरांत वीजपुरवठा महावितरणचा आहे आणि महावितरणच्या घरगुती ग्राहकांना एकच असा दर नसतो. दर टप्प्याटप्प्याने, म्हणजेच स्लॅबनुसार चढत जातो. शहर महापालिकेचे असो की नगरपालिकेचे, वीज आकाराचे दर सारखेच. पण मुंबईतील नातेवाइकाचे बिल बेस्ट, अदानी किंवा टाटाचे असेल, तर त्यांचे दर इथे लावून चालणार नाहीत.

घरगुती वापराचे टप्पे चार आहेत : महिन्याला ० ते १०० युनिट, १०१ ते ३०० युनिट, ३०१ ते ५०० युनिट आणि ५०० युनिटच्या पुढे. हे दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते वेळोवेळी बदलतात. या लेखातील सगळी उदाहरणे २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी आयोगाने मंजूर केलेल्या दरांवर केली आहेत. तुम्ही हिशेब करताना तुमच्या ताज्या बिलावर छापलेले दर घ्या. आकडे बदलतील, पण पद्धत हीच राहील.

२०२४-२५ मध्ये वीज आकार पहिल्या टप्प्यात ४.७१ रुपये, दुसऱ्यात १०.२९ रुपये, तिसऱ्यात १४.५५ रुपये आणि चौथ्यात १६.६४ रुपये प्रतियुनिट होता. यावर प्रत्येक युनिटला १.१७ रुपये वहन आकार लागत होता. म्हणजे वीज तुमच्या घरापर्यंत वाहून आणण्याचे शुल्क. दोन्ही मिळवल्यावर चार टप्प्यांचे दर असे होतात :

० ते १०० युनिट : ५.८८ रुपये
१०१ ते ३०० युनिट : ११.४६ रुपये
३०१ ते ५०० युनिट : १५.७२ रुपये
५०० युनिटच्या पुढे : १७.८१ रुपये

या एकूण रकमेवर आणखी १६ टक्के वीज शुल्क लागते. बिलात ते वेगळ्या ओळीत दिसते. काही महिन्यांत इंधन समायोजन आकारही लागतो. तो दर महिन्याला सारखा नसतो, म्हणून इथे धरलेला नाही. तुमच्या बिलात तो असेल, तर त्या-त्या टप्प्याच्या दरात मिळवा. स्थिर आकार मात्र या हिशेबात घेण्याची गरज नाही. एसी लावा अगर लावू नका, तो द्यावाच लागतो.

१०० युनिट ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात का?

नाही. हा गैरसमज मोठा आहे. तुमचा वापर १०१ युनिट झाला, तर पहिली १०० युनिट ५.८८ रुपयांनीच मोजली जातात आणि फक्त एक युनिट ११.४६ रुपयांनी. पाण्याची टाकी भरावी तसे युनिट खालून वर भरत जातात. आधी स्वस्त टप्पा भरतो, मग महाग टप्प्याकडे पाणी चढते.

आणि इथेच एसीच्या हिशेबाची खरी गोम आहे. पंखे, फ्रिज, टीव्ही, दिवे हे वर्षभर चालतात. त्यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच भरून टाकलेले असतात. एसी उन्हाळ्यात येतो आणि त्याचे सगळे युनिट त्यावर रचले जातात. म्हणून एसीचा खर्च काढताना बिलाचा सरासरी दर लावायचा नाही. एसीशिवाय तुमचे घर कुठल्या युनिटवर थांबते, तिथून वर मोजायचे.

आधी युनिट काढू : दीड टन म्हणजे किती वॅट?

दीड टन हे एसीच्या थंड करण्याच्या क्षमतेचे माप आहे, विजेच्या वापराचे नाही. एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढण्याची क्षमता. दीड टनाचा एसी सुमारे ५,२०० वॅट उष्णता बाहेर फेकू शकतो. पण त्यासाठी तो तेवढी वीज खात नाही, कारण एसी उष्णता तयार करत नाही, फक्त आतली उचलून बाहेर टाकतो. पूर्ण जोरात चालताना दीड टनाचा घरगुती एसी साधारण दीड किलोवॅट वीज घेतो. नेमका आकडा आउटडोअर युनिटच्या प्लेटवर वॅटमध्ये लिहिलेला असतो.

शाळेतले सूत्र सोपे आहे : वॅट गुणिले तास भागिले १,००० म्हणजे युनिट. १,५०० वॅटचा एसी रोज ८ तास आणि ३० दिवस चालवला, तर १,५०० × ८ × ३० ÷ १,००० = ३६० युनिट.

हा आकडा पाहून घाबरायचे कारण नाही. एसी आठही तास पूर्ण जोरात चालत नाही. खोली ठरलेल्या तापमानाला आली की साध्या एसीचा कॉम्प्रेसर बंद होतो आणि खोली पुन्हा तापली की सुरू होतो. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर बंद न होता वेग कमी करतो. त्यामुळे प्लेटवरच्या वॅटने काढलेला आकडा ही कमाल मर्यादा समजा, अंदाज नव्हे.

मग खरा आकडा कसा मिळेल?

तीन मार्ग आहेत. एसी अजून घेतलेला नसेल, तर पहिला. घरी साधा एसी असेल, तर दुसरा. आणि कोणताही एसी घरी असेल, तर सगळ्यात खात्रीचा तिसरा.

पहिला मार्ग स्टार लेबलचा. एसीवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे जे ताऱ्यांचे लेबल असते, त्यावर वर्षाला किती युनिट लागतील याचा आकडा असतो. बहुतेक जण तारे मोजतात आणि हा आकडा सोडून देतात. हा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. त्यामुळे त्याला १,६०० ने भागले, की तासाचे सरासरी युनिट मिळतात. समजा लेबलवर ९६० युनिट लिहिले आहे. ९६० ÷ १,६०० = ०.६. म्हणजे तासाला ०.६ युनिट. रोज ८ तासांप्रमाणे महिन्याचे २४० तास, म्हणजे १४४ युनिट.

दोन मॉडेलची तुलना करायला हा मार्ग उत्तम आहे. तारे मोजण्यापेक्षाही चांगला, कारण ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक केले जातात. जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे एकसारखे नसतात. युनिटचा आकडा मात्र थेट ताडून पाहता येतो. त्याची मर्यादा एवढीच, की लेबलचा आकडा कमी-अधिक उष्ण तासांची सरासरी धरतो. एप्रिल-मेच्या बदलापुरात, वरच्या मजल्यावरच्या तापलेल्या स्लॅबखाली तोच एसी त्याहून जास्त युनिट घेतो. उल्हासनगरात पत्र्याच्या छताच्या खोलीत तर आणखी जास्त.

दुसरा मार्ग घड्याळाचा. तो फक्त जुन्या, साध्या म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीला लागू पडतो. खोली थंड झाल्यावर आउटडोअर युनिटचा आवाज ऐका. कॉम्प्रेसर किती मिनिटे चालतो आणि किती मिनिटे थांबतो, हे अर्धा-पाऊण तास नोंदवा. समजा तो २० मिनिटे चालतो आणि १० मिनिटे थांबतो. म्हणजे वेळेच्या दोन तृतीयांश तो वीज घेतो. प्लेटवर १,६०० वॅट असतील, तर तासाला साधारण १.०७ युनिट. महिन्याच्या २४० तासांना सुमारे २५६ युनिट.

तिसरा मार्ग मीटरचा. रात्री एसी लावताना वीज मीटरवरचा आकडा मोबाइलमध्ये टिपून घ्या. मीटरवर पाळीपाळीने बरेच आकडे येतात. त्यातला kWh असे लिहिलेला आकडा घ्यायचा. सकाळी एसी बंद करताना तोच आकडा पुन्हा टिपा. दोन्हींतला फरक म्हणजे त्या रात्री घराने खाल्लेली वीज. यात फ्रिज आणि पंखेही आले. म्हणून एका रात्री एसी न लावता, तेवढ्याच तासांसाठी हाच प्रयोग करा. पहिल्या फरकातून दुसरा फरक वजा केला, की उरतात ते एसीचे युनिट. तुमचा मीटर दशांश दाखवत नसेल, तर एका रात्रीऐवजी तीन-चार रात्रींची सरासरी घ्या. एका रात्रीत एका युनिटची चूक झाली, तर महिन्याच्या हिशेबात ती तीस युनिटची होते.

एक घर, पूर्ण हिशेब

समजा बदलापूर पूर्वेला चौघांचे कुटुंब आहे. दिवसा नोकरी आणि शाळा, लोकलचा प्रवास करून सगळे संध्याकाळनंतर घरी. एसी रात्री १० ते सकाळी ६ असा ८ तास चालतो. एसी नसलेल्या महिन्यात त्यांचे बिल १४० युनिटचे येते.

त्यांनी मीटर टिपला. एसी लावलेल्या रात्री ८ तासांत ९.१ युनिट पडले. एसी न लावलेल्या रात्री २.३ युनिट. फरक ६.८ युनिट, तासाला ०.८५. तीस रात्रींचे झाले २०४ युनिट. लेबलने सांगितले होते १४४. उन्हाळ्याच्या ऐन महिन्यात इतका फरक पडू शकतो, म्हणूनच मीटरचा आकडा महत्त्वाचा.

आता टप्पे लावू. घर १४० युनिटवर थांबलेले आहे. पहिला टप्पा संपला आहे आणि दुसऱ्या टप्प्यात ३०० पर्यंत १६० युनिटची जागा शिल्लक आहे. एसीच्या २०४ युनिटपैकी १६० युनिट तिथे बसतात. उरलेली ४४ युनिट तिसऱ्या टप्प्यात जातात.

१६० × ११.४६ = १,८३३.६० रुपये
४४ × १५.७२ = ६९१.६८ रुपये
बेरीज = २,५२५.२८ रुपये
१६ टक्के वीज शुल्क = ४०४.०४ रुपये
एसीचा महिन्याचा खर्च = २,९२९.३२ रुपये

म्हणजे सुमारे २,९३० रुपये. एसीचे एक युनिट या घराला वीज शुल्कासह साधारण १४.३६ रुपयांना पडले.

याच कुटुंबाने सरासरीने हिशेब केला असता तर? १४० युनिटचा वीज आणि वहन आकार १,०४६.४० रुपये, म्हणजे सरासरी ७.४७ रुपये युनिट. त्याला २०४ ने गुणून शुल्क मिळवले, की उत्तर येते सुमारे १,७७० रुपये. प्रत्यक्ष बिल त्याहून जवळपास १,१६० रुपयांनी जास्त आले असते आणि मीटर फास्ट असल्याची शंका आली असती. मीटर बरोबर असतो. चुकलेला असतो तो दर.

तोच एसी, तीन घरे, तीन बिले

हाच एसी, तितकेच २०४ युनिट, पण घर बदलले तर काय होते ते पाहा.

उल्हासनगरात एका खोलीत राहणारे जोडपे आहे. एसीशिवाय त्यांचा वापर ६० युनिट. त्यांच्या पहिल्या, स्वस्त टप्प्यात ४० युनिटची जागा अजून रिकामी आहे. एसीची ४० युनिट ५.८८ रुपयांनी आणि १६४ युनिट ११.४६ रुपयांनी मोजली जातील. शुल्कासह खर्च सुमारे २,४५३ रुपये.

बदलापूरचे १४० युनिटचे घर आपण पाहिलेच : सुमारे २,९२९ रुपये.

अंबरनाथमध्ये एकत्र कुटुंब आहे. दोन फ्रिज, चार पंखे, वॉशिंग मशीन, दिवसभर कुणी ना कुणी घरात. एसीशिवायच त्यांचा वापर २९० युनिट आहे. दुसऱ्या टप्प्यात फक्त १० युनिटची जागा उरली आहे, म्हणून एसीची १९४ युनिट थेट १५.७२ रुपयांच्या टप्प्यात पडतात. खर्च सुमारे ३,६७१ रुपये.

पहिल्या आणि तिसऱ्या घरात १,२०० रुपयांहून अधिक फरक पडला आणि एसी मात्र तोच आहे. दुकानदार आणि शेजारी दोघेही आपापल्या घरापुरते खरे बोलत होते. अंबरनाथच्या घराने दुसऱ्या खोलीत आणखी एक एसी लावला, तर त्याचे युनिट ५०० च्या पुढच्या टप्प्यात जातील. तिथे शुल्क धरून एक युनिट २० रुपयांच्या वर पडते.

एक तास कमी केला तर किती वाचतात?

आता हाच हिशेब उलटा करा. युनिट वरून रचली जातात, तशी कमीही वरूनच होतात. बदलापूरच्या घरात एक तासाची सरासरी ०.८५ युनिट आहे. महिन्याला २५.५ युनिट वाचली, तर ती सगळी सगळ्यात महाग, म्हणजे १५.७२ रुपयांच्या टप्प्यातून वाचतात. शुल्कासह सुमारे ४६५ रुपये. एकूण खर्चाला आठ तासांनी भागले असते, तर तासाला ३६६ रुपये दिसले असते. प्रत्यक्ष बचत त्याहून जास्त आहे.

त्यातही एक बारकावा आहे. रात्रीचा पहिला तास सगळ्यात जड असतो, कारण दिवसभर तापलेल्या भिंती, गादी, कपाट हे सगळे एसीला थंड करावे लागते. पहाटेचा तास हलका असतो. त्यामुळे टायमर लावून पहाटे एसी बंद केला, तर बचत ४६५ पेक्षा थोडी कमी होईल. संध्याकाळी खिडक्या उघडून, पंखा लावून खोलीतली गरम हवा आधी बाहेर घालवली आणि एसी तासभर उशिरा लावला, तर बचत जास्त होईल.

या घराला तिसऱ्या टप्प्यातून पूर्ण बाहेर पडायला फक्त ४४ युनिट कमी करायची आहेत. रात्रीला साधारण दीड युनिट. एवढ्याने महिन्याला ८०२ रुपये वाचतात. ३०० ची रेषा अशा घरांसाठी महत्त्वाची आहे ती यामुळे. तुमची रेषा कोणती, हे तुमच्या एकूण युनिटवरून कळेल.

तापमानाचेही असेच आहे. एसीचे तापमान एक अंशाने वाढवले, की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. २४ ऐवजी २६ वर ठेवून पंखा हळू चालवला, तर आपल्या उदाहरणातील २०४ पैकी साधारण २४ युनिट वाचतील. टप्प्याच्या दराने ते सुमारे ४३८ रुपये होतात. पंख्याचे युनिट त्यातून वजा करायचे नाहीत, कारण एसी नसलेल्या रात्रीही पंखा चालूच होता.

जुना एसी बदलावा का?

वरच्या घड्याळाच्या उदाहरणातील साधा एसी महिन्याला २५६ युनिट घेत होता. तो बदलापूरच्या घरात लावला, तर १६० युनिट दुसऱ्या टप्प्यात आणि ९६ युनिट तिसऱ्यात जातील. खर्च सुमारे ३,८७८ रुपये. इन्व्हर्टर एसीपेक्षा ९४८ रुपये जास्त. मार्च ते जून असे चार महिने वापर धरला, तर वर्षाला सुमारे ३,८०० रुपयांचा फरक. नव्या एसीच्या किमतीला या आकड्याने भागले, की पैसे किती उन्हाळ्यांत वसूल होतील ते कळते. चालणारा एसी केवळ बिलासाठी बदलायचा, तर हा भागाकार आधी करून पाहावा. रोज दोन-तीन तासच एसी लावणाऱ्या घरात उत्तर वेगळे येईल.

एसीत बिघाड आहे, हे आकड्यांवरून कसे ओळखावे?

मीटरने मिळालेला तासाचा आकडा लेबलच्या आकड्याशी ताडून पाहा. आपल्या उदाहरणात ०.६ च्या जागी ०.८५ आले, म्हणजे सुमारे ४० टक्के जास्त. ऐन उन्हाळा, वरचा मजला, अशा कारणांनी हे समजण्यासारखे आहे. पण आकडा दुपटीच्या जवळ गेला, तर कुठेतरी पाणी मुरते आहे. आधी इनडोअर युनिटची जाळी धुवा. धुळीने ती बंद झाली, की हवा कमी येते आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. मग आउटडोअर युनिट पाहा. ग्रिलच्या आत कोंबलेल्या, समोर सामान ठेवलेल्या युनिटला गरम हवा बाहेर टाकायला जागा मिळत नाही. हे दोन्ही ठीक असून खोली थंड होत नसेल आणि कॉम्प्रेसर अजिबात थांबत नसेल, तर गॅस कमी झाला आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. दुरुस्तीनंतर पुन्हा एक रात्र मीटर टिपा. काम झाले की नाही, ते आकडाच सांगेल.

बिलात आणखी काय बदलते?

पहिली गोष्ट, बिलाचा कालावधी. एप्रिलमध्ये आलेल्या बिलात मार्चचे दिवसही असतात. एसी महिन्याच्या मध्यात सुरू केला असेल, तर पहिले बिल निम्मेच वाढलेले दिसते आणि खरा आकडा पुढच्या बिलात येतो. म्हणून दोन बिलांची तुलना करताना युनिटला दिवसांनी भागून रोजची सरासरी पाहा.

दुसरी गोष्ट, रीडिंग. घर बंद होते म्हणून सरासरी बिल आले असेल, तर पुढच्या खऱ्या रीडिंगमध्ये दोन महिन्यांचे युनिट एकत्र येतात. अशा वेळी टप्पे दोन महिन्यांना वाटून दिले आहेत का, हे बिलात तपासा. सगळे युनिट एकाच महिन्यात धरले, तर ते विनाकारण वरच्या टप्प्यात ढकलले जातात.

तिसरी गोष्ट, सुरक्षा ठेव. मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव वर्षाच्या सरासरी मासिक बिलाच्या दुप्पट असावी, असा नियम आहे. बदलापूरच्या घरात एसीमुळे चार महिन्यांत सुमारे ११,७०० रुपये वाढले. बारा महिन्यांवर ते महिन्याला सरासरी ९७६ रुपये होतात. त्यामुळे पुढच्या वर्षी ठेवीत सुमारे १,९५० रुपयांची भर मागितली जाऊ शकते. हा दंड नाही आणि एसीचा खर्चही नाही. ही रक्कम तुमच्या नावावर राहते आणि तिच्यावर व्याज मिळते.

चौथी गोष्ट, टीओडी मीटर. असा मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत लागू झाली. दुपारी एसी लावणाऱ्यांना तिचा उपयोग आहे. रात्री १० ते ६ एसी लावणाऱ्या नोकरदार घराला तिचा फायदा होत नाही.

आणि दुकानात किंवा क्लासमध्ये एसी असेल, तर वरचा हिशेब लावू नका. ते जोडणे व्यावसायिक वर्गवारीत येते. तिथे घरगुतीसारखे टप्पे नसतात, दरही वेगळा असतो.

तुमच्या घराचा हिशेब, पाच पायऱ्यांत

१. जानेवारी किंवा फेब्रुवारीचे बिल काढा. गिझर वापरत असाल, तर नोव्हेंबरचे चालेल. एसीशिवायचे युनिट लिहा.

२. मीटरवरून किंवा लेबलवरून एसीचे तासाचे युनिट काढा. त्याला रोजचे तास आणि ३० ने गुणा.

३. एसीशिवायच्या युनिटपासून वर मोजत एसीचे युनिट १००, ३०० आणि ५०० च्या रेषांवर तोडा.

४. प्रत्येक तुकड्याला बिलावरील वीज आकार, वहन आकार आणि असल्यास इंधन समायोजन आकार यांच्या बेरजेने गुणा.

५. बेरजेला १.१६ ने गुणा. हा एसीचा महिन्याचा खर्च.

हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पूर्ण महिना एसी चाललेल्या बिलाशी ताडून पाहा. फरक शंभर-दोनशे रुपयांचा असेल, तर हिशेब जमला. खूप जास्त असेल, तर आधी बिलावरील चालू रीडिंग आणि मीटरवरील आकडा जुळतो का ते पाहा. रीडिंग जुळत असेल, तर एसीकडे वळा. जुळत नसेल, तर मीटरचा फोटो काढून महावितरणकडे तक्रार नोंदवा.